मेणबत्ती फुंकली की विझते, चूल फुंकली की पेटते, असं का?

ओवी_भोर
नमस्कार मंडळी. परवा गावी भाच्याचा आठवा वाढदिवस झाला. दुपारी केक कापला, त्याने एका फुंकरीत आठही मेणबत्त्या विझवल्या, आणि संध्याकाळी आजीने चुलीवर भाकरी टाकायला घेतल्या तेव्हा जाळ पडला म्हणून तिने फुंकणी उचलून फूऽऽ केलं तर दोन मिनिटांत भपकन जाळ झाला. पोरगं शेजारीच बसलेलं, लगेच म्हणालं की आत्या, मी फुंकलं तर विझलं आणि आजीने फुंकलं तर पेटलं, हे कसं? मी सांगितलं की आजी हळू फुंकते, तू जोरात फुंकलंस. पण माझं मलाच ते पटलं नाही, कारण आजी काही हळू फुंकत नव्हती, गाल फुगवून चांगलं दमाने फुंकत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चूल पेटवायला बसले, कागद आणि बारीक काटक्या लावून, ज्वाळा छान धरली होती, म्हटलं आता आजीसारखं फुंकू, तर सगळंच विझून नुसता धूर. तीच चूल, तीच फुंकणी! मग हळू-जोरात हे कारण नसणार ना? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, पोराला खरं उत्तर द्यायचंय.

विज्ञानवेडा
सोपं आहे. आपल्या फुंकरीत कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो आग विझवतो, अग्निशामक सिलिंडरमध्ये पण तोच भरलेला असतो. मेणबत्ती छोटी त्यामुळे तेवढा पुरतो, चूल मोठी त्यामुळे तिला काही फरक पडत नाही, उलट फुंकरीबरोबर जी बाहेरची हवा ओढली जाते तिच्यातला ऑक्सिजन मिळतो.

अनघा_के
@विज्ञानवेडा मग पुठ्ठ्याने वारा घातला तरी मेणबत्ती विझते त्याचं काय? त्यात तर कुणाचा श्वास नाही. आणि लाइट गेल्यावर खिडकीतून झुळूक आली तरी विझतेच की.

विज्ञानवेडा
वाऱ्याने ती थंड होते. फुंकरीत दोन्ही होतं, थंड पण होते आणि सीओटू पण मिळतो. श्वास सोडतो त्यात ऑक्सिजन २१ वरून १६-१७ टक्क्यांवर आलेला असतो आणि सीओटू ४ टक्क्यांच्या आसपास. बंद बरणीत मेणबत्ती ठेवली तर तीही साधारण एवढ्याच ऑक्सिजनला विझते, म्हणजे माझं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये.

भट्टीवाला_कोल्हापूर
मी ३१ वर्षं फाउंड्रीत लोखंड वितळवायची उभी भट्टी, कुपोला, चालवला, म्हणजे कोळसा आणि वारा यांच्यातच आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा.

विज्ञानवेडा यांचे आकडे बरोबर आहेत पण त्यातून काढलेलं उत्तर बरोबर नाही. तोंडातून निघालेली फुंकर मेणबत्तीपर्यंत जाईस्तोवर वाटेतली बरीचशी साधी हवा सोबत ओढून घेते, त्यामुळे ज्योतीला लागते ती जवळपास नेहमीचीच हवा. खात्री करायची असेल तर सायकलचा पंप घ्या आणि त्याने विझवून बघा, तशीच विझेल. हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने सुद्धा विझते, त्यामुळे वारा गार असतो म्हणून विझते हेही अर्धंच.

आता मुद्दा. ओवीताईंनी जी दुसरी गोष्ट लिहिली ना, की तीच चूल, तीच फुंकणी आणि एकदा पेटली एकदा विझली, उत्तर तिच्यातच आहे. संध्याकाळी आजीच्या चुलीत काय होतं जे सकाळी तुमच्या चुलीत नव्हतं? निखारे. फुंकर ज्वाळेला वेगळं वागवते आणि निखाऱ्याला वेगळं. मेणबत्तीकडे निखारा जवळजवळ नसतोच, नुसती ज्वाळा असते. आजीच्या चुलीत खाली निखाऱ्यांचा थर होता. तुमच्या काटक्यांना अजून निखारा धरायचा होता, म्हणजे तुमची चूल त्या वेळी एक मोठी मेणबत्तीच होती म्हणा.

ओवी_भोर
अरे वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग ज्वाळेला फुंकर का सोसत नाही आणि निखाऱ्याला का सोसते?

भट्टीवाला_कोल्हापूर
मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने खालचं मेण पातळ होतं, साठेक अंशाला, ते वातीतून वर चढतं, वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ आजूबाजूच्या हवेत मिसळत मिसळत जळते. म्हणजे ज्योत स्वतःचं इंधन स्वतःच तयार करते, आणि ते सुद्धा अगदी हातावर पोट असल्यासारखं, साठा असा काही नाहीच. आत्ता तयार झालेली वाफ आत्ताच जळून जाते. तासाला पाच-सात ग्रॅम मेण लागतं, म्हणजे एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, सत्तर-ऐंशी वॅट धरा. आणि ती साठवलेली कुठे असते? कुठेच नाही. गरम आहे तो फक्त तेवढा चिमूटभर वायू, ज्याला वजनच नाही म्हटलं तरी चालेल.

तुम्ही फुंकलंत की तो गरम वायू आणि ती वाफ दोन्ही वातीपासून बाजूला ढकलले जातात. आग वाऱ्याच्या उलट दिशेने सुद्धा पसरू शकते बरं का, पण मेणासारख्या इंधनाची वाफ हवेत अगदी योग्य प्रमाणात मिसळलेली असली तरी तिच्यातून ज्वाळा सरकते ती सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटरने. तुमची फुंकर सेकंदाला काही मीटरने येते. मग ज्योतीला वातीकडे परत यायला वेळच मिळत नाही, ती पुढे वाहून जाते, लांबते, पातळ होते, गार पडते आणि संपते. वात मागे राहते, वाफ अजून थोडी निघत असते, पण पेटवायला कुणी उरलेलं नसतं.

निखाऱ्याचं उलट. कोळशाची वाफ होत नाही, तो जागच्या जागी, आपल्या पृष्ठभागावर जळतो. त्याला फुंकून कुठे ढकलणार? इंधन तिथेच आहे, उष्णता सुद्धा त्याच्या अंगातच साठलेली आहे. त्याला कमी पडते ती फक्त हवा, कारण त्याच्याभोवती त्याने स्वतःच सोडलेल्या वायूंचा एक पातळ थर साचतो आणि वर राखेची चादर. ऑक्सिजनला त्या दोन्हीतून झिरपत आत जावं लागतं. फुंकर नेमकं तेच दूर करते. थर उडतो, राख उडते, ताजी हवा थेट निखाऱ्याला भिडते आणि तो आधी जेवढा जळत होता त्याच्या कितीतरी पट वेगाने जळायला लागतो.

रानफूल
म्हणजे फुंकरीने निखारा थोडा गार पण होतच असणार ना? हवा तर गारच आहे.

भट्टीवाला_कोल्हापूर
होतो तर. प्रत्येक फुंकरीत दोन गोष्टी एकाच वेळी होतात, हवा उष्णता घेऊन जाते आणि हवा ऑक्सिजन देऊन जाते. निखाऱ्यांचा थर असेल तर देणं हे घेण्यापेक्षा खूप जास्त भरतं, कारण प्रत्येक निखाऱ्याची उष्णता शेजारचा निखारा अडवून धरतो, एकमेकांना शेकत बसलेले असतात ते. त्यातला एक चिमट्याने काढून बाहेर फरशीवर ठेवा, थोड्याच वेळात काळा पडतो. चुलीत मात्र तोच कितीतरी वेळ टिकतो. म्हणून एकटा छोटा निखारा किंवा ठिणगी जोरात फुंकली तर विझू शकते, थर विझत नाही.

सुलभा_देशावर
मी चिपळूणकडची, वय ७४, लहानपणापासून चुलीवर रांधलंय आणि अजूनही पावसाळ्यात आंघोळीचं पाणी बंबात किंवा चुलीवरच तापवते. तुमचं शास्त्र मला नाही कळत पण फुंकायचं कसं ते सांगते, कारण हल्लीच्या मुली फुंकणी धरतात ते बघून जीव घाबरतो.

ज्वाळेवर कधी फुंकायचं नाही. फुंकणीचं तोंड खाली, लाकडांच्या बुडाशी, जिथे निखारा लाल दिसतो तिथे, आणि निखाऱ्याला टेकवायचं नाही, चार बोटं अंतर ठेवायचं. त्याआधी काटकीने राख बाजूला सारायची नाहीतर पहिली फुंकर मारली की राख तोंडावर आणि भाकरीवर. फुंकर लांब आणि सारखी, फुस्स फुस्स अशी नाही. आणि मुख्य म्हणजे श्वास घेताना फुंकणी तोंडापासून लांब करायची, तोंडात धरूनच श्वास ओढलात तर सगळा धूर छातीत. माझ्या जावेला एकदा असा ठसका लागला होता की अर्धा तास डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं.

आणि जाळ नाही, नुसता पांढरा पिवळट दाट धूर येतोय अशा वेळी वाकून तोंड अगदी जवळ नेऊन फुंकू नये. तो धूर भपकन पेटतो. माझ्या भुवया जळल्यात एकदा, लग्नाच्या पहिल्याच वर्षी.

ओवी_भोर
काकू, खूप छान सांगितलंत. माझ्या चुलीत पण तसाच पांढरा धूर होता! तो पेटतो कसा पण? धूर म्हणजे जळून उरलेलं ना?

भट्टीवाला_कोल्हापूर
काकूंनी सांगितलं त्यात सगळं शास्त्र आलं, मी फक्त जोड देतो. तो पांढरा पिवळट धूर म्हणजे न जळलेलं इंधन. लाकूड तापलं की त्यातून जळणारे वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. लाकडाची ज्वाळा म्हणजे हेच वायू जळताना दिसतात. ज्वाळा गेली तरी लाकूड गरम असतं तोवर ते निघतच राहतात, पेटवायला पुरेसं गरम काही नसलं की नुसता धूर होऊन वर जातात.

आता आजीची फुंकर पायरीपायरीने बघा. फुंकर बसते निखाऱ्यावर. आधी तो मंद लाल असतो, सहाशे-सातशे अंश समजा. फुंकल्यावर केशरी होतो, म्हणजे नऊशेच्या पुढे. त्याच्या धगीने वरचं लाकूड जास्त तापतं, जास्त वायू सोडतं, धूर आणखी दाट होतो. आणि एका क्षणाला निखारा इतका गरम होतो की त्याच्यावरून जाणारे ते वायू पेट घेतात. भपकन. आजीने ज्वाळा फुंकलीच नव्हती, तिने निखारा फुंकला आणि ज्वाळा निखाऱ्याने पेटवली. काकूंच्या भुवया गेल्या त्या ह्याच क्षणाला.

लाकूड ओलं असेल तर मात्र कितीही फुंका, निखाऱ्याची सगळी उष्णता आधी पाणी उकळण्यात जाते. लाकडाच्या टोकाला फेस आणि सूंऽ असा आवाज येत असेल तर फुंकणं सोडा आणि ते लाकूड बाजूला वाळत ठेवा.

ऐरण_नगर
आमच्या घरी पिढ्यानपिढ्या लोहारकाम. वडील भात्यावर, आता मी इलेक्ट्रिक ब्लोअरवर. आमच्यात म्हणतात वारा जास्त झाला की लोखंड खातो. नवीन पोरगं कामाला आलं की ब्लोअर फुल सोडतं, त्याला वाटतं जेवढा वारा तेवढी धग, मग मधोमध भोक पडल्यासारखा कोळसा जळून जातो, फाळ ठेवला तर वरून लालभडक आणि बाहेर काढला की त्यावरून काळ्या खपल्या सुटतात, घण मारला की पापुद्रे उडतात. म्हणजे जास्तीची हवा कोळसा न जाळता लोखंडच जाळायला लागली. वडील नुसता आवाज ऐकून सांगायचे की वारा कमी कर. तेव्हा निखाऱ्याला कितीही वारा चालतो असं नाहीये, त्यालाही मर्यादा आहेच.

भट्टीवाला_कोल्हापूर
@ऐरण_नगर शंभर टक्के. कुपोल्यात पण हेच, कोकच्या थराला झेपेल त्यापेक्षा वारा जास्त दिला की उरलेली हवा उष्णता घेऊन निघून जाते, वारा येतो तिथेच कोक काळा पडायला लागतो आणि धातू गार उतरतो. आम्ही झडपेच्या काचेतून बघायचो, तोंडाशी काळं दिसलं की समजायचं.

मंगेश_ठाणे
चांगला धागा आहे, माझाही हाच प्रॉब्लेम आहे. स्वयंपाकघरात फॅन लावला की गॅसचा बर्नर विझतो, विशेषतः सिम वर असताना. हवेने आग वाढते म्हणता मग गॅस का विझतो? रेग्युलेटर बदलून झाला, मेकॅनिक म्हणतो नवीन शेगडी घ्या.

अनघा_के
मंगेश, तुमचा बर्नर पण मेणबत्तीच्या गटातला झाला ना, निखारा नाही, नुसता वायू.

भट्टीवाला_कोल्हापूर
अनघाताई बरोबर. सिमवर गॅस हळू येतो, ज्वाळा बुटकी आणि अशक्त असते, फॅनचा झोत तिला छिद्रांवरून उचलून टाकतो. रेग्युलेटरचा दोष नाही आणि यासाठी शेगडी बदलायचीही गरज वाटत नाही, फॅनची दिशा बदला किंवा सिमवर काही ठेवलं असेल तेव्हा फॅन बंद ठेवा. पण हे गंभीरपणे घ्या, कारण मेणबत्ती विझली की वाफ काही सेकंदांत थांबते, गॅस थांबत नाही. ज्वाळा गेली तरी तो येतच राहतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली जमिनीलगत साचतो. वास आला तर आधी नॉब आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, आणि फॅन किंवा लाइटचं कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंद पण करू नका.

मंगेश_ठाणे
बापरे, हे माहीत नव्हतं. आई सिमवर दूध ठेवून बाहेर बसते. आजच फॅनची जागा बदलतो. धन्यवाद साहेब.

विज्ञानवेडा
सायकलच्या पंपाने केलं आत्ता. विझली, लगेच. मी सीओटूचा मुद्दा मागे घेतो, निदान मेणबत्तीपुरता. पण एक दिसलं ते लिहितो. विझल्यावर वातीचं टोक लाल होतं आणि मी पुन्हा पंप मारला तर ते टोक जास्त लाल झालं! म्हणजे एकाच मेणबत्तीत ज्वाळा विझली आणि निखारा पेटला, दोन्ही एकाच वाऱ्याने.

भट्टीवाला_कोल्हापूर
वा! हाच या सगळ्याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, मला लिहायचं सुचलं नाही. ते जादूच्या मेणबत्त्या मिळतात ना, फुंकली तरी पुन्हा पुन्हा पेटणाऱ्या, त्या यावरच चालतात. त्यांच्या वातीत मॅग्नेशियमची बारीक पूड असते. साध्या वातीच्या त्या लाल टोकात मेणाची वाफ पेटवण्याइतका दम नसतो पण मॅग्नेशियम पेटवण्याइतका असतो, मग मॅग्नेशियमची ठिणगी वाफ पेटवते. त्या मेणबत्त्या वाळूत किंवा पाण्यात बुडवूनच टाकाव्यात, कचऱ्यात तशाच टाकू नयेत.

आणि विझल्यावर जी पांढरी धुराची रेघ निघते ती मेणाचीच वाफ, गार होऊन बारीक कण झालेली. पंखा बंद ठेवून, विझल्या विझल्या लगेच पेटती काडी वातीला न लावता दोनेक सेंटीमीटर वर त्या रेघेत धरा, ज्योत रेघेवरून खाली उतरून वात पेटवते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडे मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं द्यायचे त्यात हाही प्रयोग असायचा.

रानफूल
आमच्याकडे आजी देवाचा दिवा कधीच फुंकू द्यायची नाही. दिवा विझव असंही म्हणायचं नाही, शांत कर म्हणायचं, आणि फुलाने वात तेलात सारायची. मला नेहमी वाटायचं ही फक्त श्रद्धा. आता कळतंय की त्याने वास येत नाही, धूर येत नाही. फुंकलं की कसा जळका वास घरभर होतो. यामागे पण हेच का?

भट्टीवाला_कोल्हापूर
प्रथा का पडली ते मी सांगू शकत नाही, त्यामागे भावना आहेत आणि त्या आपल्या जागी. पण धुराचं तुम्ही म्हणता ते खरं. फुंकल्यावर वात लालच राहते आणि तेलाची वाफ काढत बसते. तेलात बुडवली की ज्वाळा आणि निखारा दोन्ही एकदम जातात.

सुलभा_देशावर
आमच्याकडे निखारा टिकवायची पण रीत होती. रात्री जेवणं झाली की मोठे निखारे एकत्र करून वर राख ओढायची, सकाळी राख सारली की खाली विस्तव जिवंत. काडेपेटी वाचायची. एखाद्या दिवशी विस्तव गेलाच तर शेजारणीकडे गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला जायचं, आणि वाटेत वारा लागून तो फुलायचा, विझायचा नाही, उलट घरी येईपर्यंत हाताला चटके. पणती घेऊन आणायची असती तर दहा वेळा पदराआड धरावी लागली असती. आता तुमचं वाचून हे आठवलं.

अनघा_के
काकू किती सुंदर. म्हणजे राख उडवली की पेटतो आणि राख ओढली की झोपतो.

माझा एक प्रश्न. सोनार पण दिव्याच्या ज्योतीतच फुंकतात ना? आमच्या गल्लीत एक म्हातारे सोनार होते, वाकड्या पितळी नळीने दिव्याच्या ज्योतीत फुंकून नथीला डाग द्यायचे. ती ज्योत तर विझायची नाही, निळी लांब सुईसारखी व्हायची. तिथे निखारा कुठे होता?

विज्ञानवेडा
हा प्रश्न भारी आहे. भट्टीवाले काका, इथे तुमचा नियम अडला का?

भट्टीवाला_कोल्हापूर
अडला नाही पण मी वर सोपं करून लिहिलं होतं हे खरं. फुंकर ज्वाळेला विझवतेच असं नाही, ज्वाळेचं बूड वातीपासून सुटलं तरच ती विझते. मेणबत्ती नीट बघितली तर वातीच्या लगत, खालच्या बाजूला ज्योतीची एक निळी कड दिसते, ज्योत तिथे धरलेली असते. सोनाराची नळी अगदी बारीक तोंडाची, तो ती ज्योतीच्या अंगात, वातीच्या जरा वर धरतो, आणि गालाच्या हवेने एकसारखं फुंकतो, श्वास नाकाने घेत घेत. बूड आपल्या जागी शाबूत राहतं आणि वरच्या वाफेला भरपूर हवा मिळते, काजळी होण्याआधीच ती जळते, म्हणून पिवळेपणा जाऊन निळी, अरुंद आणि जास्त गरम ज्योत. कंदिलाची काच पण थोडं असंच करते, वाऱ्याचा धक्का अडवते आणि खालून सारखी हवा ओढते, म्हणून काच लावली की ज्योत स्थिर आणि उजळ होते.

म्हणजे नीट म्हणायचं तर वारा किती यापेक्षा वारा कुठे लागतो ते महत्त्वाचं.

ऐरण_नगर
मग मोठी ज्वाळा फुंकून विझतच नाही का? वणव्यात वारा सुटला की आणखी भडकतो, आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगर पेटतो तेव्हा गाववाले ओल्या फांद्यांनी झोडपतात, वाऱ्याला घाबरतात.

भट्टीवाला_कोल्हापूर
वणव्याला फुंकून विझवता येत नाही कारण खाली सगळीकडे गवत-पाचोळ्याचे निखारे असतात, आणि एका जागेची ज्वाळा वाहून गेली तरी शेजारची परत पेटवते, शिवाय वारा ज्वाळा पुढच्या कोरड्या गवतावर वाकवतो. तुमचे गाववाले फांद्यांनी झोडपतात ते बरोबर करतात, त्याने निखारा मातीत चेपला जातो.

पण निखारा नसलेली आग कितीही मोठी असली तरी फुंकून विझते, फुंकर तेवढी मोठी पाहिजे. १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटल्या होत्या, तेव्हा हंगेरीच्या लोकांनी जुन्या टी-३४ रणगाड्यावर मिग-२१ विमानाची दोन इंजिनं बसवून आणली आणि त्यांच्या झोतात पाणी सोडून विहिरींच्या ज्वाळा उडवल्या. काही विहिरींवर स्फोटकं लावून एका धक्क्यात ज्वाळा उडवतात ती रीत त्याहून जुनी. भाच्याने केकवर जे केलं तेच. पाणी कशाला, तर आजूबाजूचं लोखंड तापून लाल झालेलं असतं, ते निखाऱ्याचं काम करतं आणि तेल पुन्हा पेटवू शकतं.

ओवी_भोर
हे भाच्याला वाचून दाखवलं तर तो रणगाड्यावरून हलतच नाहीये. आज रविवार, आम्ही दोघांनी प्रयोग केले ते लिहिते.

एक, शीतपेयाच्या नळीने मेणबत्तीच्या फक्त शेंड्यावर फुंकलं. ज्योत वाकली, फडफडली, विझली नाही. तीच नळी वातीच्या बुडाशी नेली आणि त्याहून हळू फुंकलं, लगेच गेली. भाचा म्हणाला हिला पायाला गुदगुल्या होतात. दोन, धुराच्या रेघेत काडी धरून पेटवणं तिसऱ्या खेपेला जमलं, पहिल्या दोन वेळा फॅन चालू राहिला होता. तीन, उदबत्ती. हे मला सगळ्यात आवडलं, कारण ती आपण रोज लावतो आणि कधी लक्षच गेलं नाही. पेटवल्यावर आधी ज्वाळा असते, ती फुंकरीने जाते, आणि तीच फुंकर पुढे चालू ठेवली की टोक केशरी होतं. म्हणजे अर्ध्या सेकंदात एका फुंकरीची दोन्ही कामं. चार, चूल. काकूंनी सांगितल्याप्रमाणे काटक्या अजिबात न फुंकता जळू दिल्या, नुसत्या एकावर एक रचत गेले, खाली बोटभर लाल थर दिसायला लागल्यावरच फुंकणी घेतली. चार बोटं अंतर, लांब फुंकर. दुसऱ्या फुंकरीला भपकन! चेहरा लांब ठेवला होता काकू.

एक मात्र जमलं नाही. जोरात फुंकून एकटा निखारा विझतो म्हणालात ना, आम्ही उदबत्तीचं टोक नळीने अगदी जवळून, दम संपेपर्यंत फुंकलं. ते विझलंच नाही, नुसतं लखलखत राहिलं. एकदा गेलं, पण तेव्हा टोकच तुटून उडालं असं भाच्याचं म्हणणं.

भट्टीवाला_कोल्हापूर
उदबत्तीत कोळशाची पूड असते आणि ती मुद्दाम सावकाश, एकटी जळत राहावी अशीच केलेली असते, त्यामुळे तुमच्या फुफ्फुसाला ती दाद देणार नाही. चुलीतला सुपारीएवढा लाकडी निखारा काढून फरशीवर ठेवून बघा. मोठ्यांपैकी कुणीतरी करा, भाच्याला दोन हात लांब उभं करून. नेमका किती छोटा झाला की विझतो ते मात्र लाकूड कुठलं त्यावर फार बदलतं, बाभळीचा आणि आंब्याचा सारखा वागणार नाही.

विज्ञानवेडा
पंपाने करा म्हणजे जोर दर वेळी सारखा राहील. मी इकडे देवदारच्या खोक्याच्या फळीवर करतो.

सुलभा_देशावर
बाभळीचा नाही विझायचा, मी आत्ताच सांगते. आंब्याचा विझेल.

ओवी_भोर
आमच्याकडे दोन्ही सरपण आहे. पुढच्या शनिवारी गावी जातेय, बाभूळ आणि आंबा दोन्ही करून इथेच लिहिते. काकू, निखारा केवढा घेऊ, सुपारीएवढा की लिंबाएवढा?

सुलभा_देशावर
सुपारीएवढा. आणि आधी त्यावरची राख झटक, नाहीतर राखच उडेल आणि तुला वाटेल फुलला.